ओव्हरलोड रिले गप्प बसला आणि मोटर दुसऱ्यांदा जळाली. थर्मिस्टर टाकायचा का?

सांवेररोडकर (सोम, रात्री ९:१२)

मंडळी, मामला इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका पीव्हीसी पाइप युनिटचा आहे. एक्स्ट्रूडरवर ३० किलोवॅटची, चार पोलची, क्लास एफ मोटर आहे. पाटीवर ५४ अँपिअर लिहिलंय. मोटर ड्राइव्हवर चालते आणि बारीक पाइप काढायचे असल्यामुळे बहुतेक वेळा २० हर्ट्झच्या आसपासच असते. चौदा महिन्यांत दोनदा जळाली.

दोन्ही वेळा तिन्ही फेजची वाइंडिंग सारखीच काळी पडलेली होती. ड्राइव्हच्या पुढे पॅनेलमध्ये बायमेटल ओव्हरलोड रिले आहे, ५४ वर सेट केलेला. टेस्टचं बटण दाबलं की ट्रिप होतो, म्हणजे खराब नाही. चालू असताना करंट ४७ च्या वर जात नाही, तरी मोटर गेली.

रिवाइंडिंगवाला म्हणतो थर्मिस्टर टाकून घ्या. मेंटेनन्सचा एक जण म्हणतो पीटी-१०० टाका, आकडा तरी दिसेल. मालक विचारतात की ओव्हरलोड असताना अजून एक रिले कशाला? ओव्हरलोड काढून थर्मिस्टर लावायचा, का दोन्ही ठेवायचे? आठवड्यापूर्वी रिवाइंड होऊन मोटर परत चालू झाली आहे.

---

फेज_गेला (सोम, रात्री ९:४०)

ओव्हरलोड ४८ वर आणा, काम झालं. ५४ वर ठेवून ४७ ला ट्रिपची वाट बघणं म्हणजे बस सुटल्यावर तिकीट काढणं.

---

गराडू_खिलाडी (सोम, रात्री ९:५५)

आमच्या डेझर्ट कूलरच्या मोटरमध्ये वाइंडिंगला बांधलेला एक छोटा थर्मल फ्यूज असतो. तो गेला की मोटर बंद, नवा पन्नास-साठ रुपयांत मिळतो. तोच टाकून बघा की भिया!

---

सांवेररोडकर (सोम, रात्री १०:०३)

गराडू, तो एकदाच जळतो आणि मग वाइंडिंग उघडून बदलावा लागतो. कूलरला चालेल. एक्स्ट्रूडरसाठी दर वेळी मोटर उघडत बसू का?

---

विद्युल्लता (सोम, रात्री ११:२०)

फेज_गेला यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. रिले ४८ वर आणला तर जरासा फरक पडेल, पण मूळ प्रश्न तसाच राहील, कारण हा रिले वाइंडिंग बघतच नाही. त्याच्या आतल्या पट्टीतून करंट जातो, पट्टी तापते आणि वाकते. मोटरही याच हिशोबाने तापत असेल असं तो धरून चालतो. मोटर पूर्ण वेगात, स्वतःच्या पंख्याच्या वाऱ्यात, ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालते तोवर हा अंदाज ठीक असतो.

तुमच्याकडे तो कुठे फसला ते बघा. ४७ भागिले ५४ म्हणजे ०.८७. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पूर्ण लोडच्या सुमारे ७६ टक्के. रिलेच्या दृष्टीने सगळं आलबेल. पण २० हर्ट्झला शाफ्टवरचा पंखा ४० टक्के वेगाने फिरतोय आणि वाराही साधारण तेवढाच. उष्णता तीन चतुर्थांश आणि वारा निम्म्याहून कमी. एक्स्ट्रूडरचा स्क्रू कमी वेगातही तेवढाच टॉर्क मागतो, त्यामुळे करंट खाली येत नाही. पंप किंवा ब्लोअर असता तर वेगाबरोबर लोडही उतरला असता आणि मोटर वाचली असती.

तिन्ही फेज सारख्या काळ्या पडल्या हाही याचाच पुरावा. फेज गेला असता तर डेल्टात एका फेजचे गट जळतात आणि बाकीचे बरे दिसतात.

पण अंदाजावर खर्च करू नका. आधी वाइंडिंगचं खरं तापमान काढा. त्यासाठी थर्मिस्टर लागत नाही, तांबंच थर्मामीटर आहे. रात्रभर बंद असलेल्या मोटरचा दोन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मायक्रो-ओहम मीटरने घ्या आणि मोटरच्या अंगाचं तापमान लिहून ठेवा. साध्या मल्टिमीटरने हे होत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स तुमच्या वाइंडिंगपेक्षा मोठा असतो. मग नेहमीचं काम चार तास चालवून मोटर बंद करा आणि तोच रेझिस्टन्स पुन्हा घ्या.

एक धोका सांगते. ड्राइव्ह बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं व्होल्टेज असतं. मोटरजवळ आयसोलेटर असेल तर ड्राइव्ह थांबवून तो उघडा, कुलूप लावा, मोटरच्या बाजूला व्होल्टेज नाही हे तपासा आणि मगच मीटर लावा. यात दोन मिनिटं जातील, जाऊ द्या. त्यानंतर दर दोन मिनिटांनी तीन वाचनं घ्या आणि कागदावर रेघ मागे शून्य मिनिटापर्यंत ओढा.

---

मुरारकर (मंगळ, सकाळी ७:४८)

जरा विषयांतर. ग्वाल्हेरकडे पिठाच्या चक्क्यांवर वेगळीच गंमत दिसते. २० एचपीची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर, पाटीवर २८ अँपिअर. ओव्हरलोड मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे डेल्टाच्या आत असतो, आणि इलेक्ट्रिशियन पाटी बघून २८ लावून मोकळा. तिथे फेजचा करंट वाहतो, म्हणून ०.५८ ने गुणून साधारण १६ लावायला हवा. २८ वर ठेवला तर लाइनमध्ये ४८ अँपिअर होईपर्यंत रिले डोळे मिटून बसणार. मग दोष रिलेला.

---

फेज_गेला (मंगळ, सकाळी ८:१५)

मुरारकर, हे मात्र खरं. स्टार-डेल्टात निम्मे ओव्हरलोड चुकीचे सेट केलेले असतात.

---

सांवेररोडकर (बुध, संध्याकाळी ७:३०)

विद्युल्लताताई, वाचनं घेतली. मीटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणला. सकाळी थंड मोटर ३२ अंश, रेझिस्टन्स ०.२१२ ओहम. दुपारी चार तास चालवून बंद केल्यावर दोन मिनिटांनी ०.३११, चार मिनिटांनी ०.३०५, सहा मिनिटांनी ०.३००. रेघ मागे ओढली तर शून्याला ०.३१८ च्या जवळ येते. हवा ३८ अंश होती.

---

विद्युल्लता (बुध, रात्री ८:०५)

छान घेतलीत. आता तांब्याचा हिशोब:

```
T2 = (R2 / R1) x (235 + T1) - 235
   = (0.318 / 0.212) x 267 - 235
   = 1.5 x 267 - 235
   = 165.5
```

१६५ अंश. आणि ही सरासरी आहे. स्लॉटच्या मध्यावर किंवा कॉइलच्या डोक्यांवर आणखी दहा-एक अंश असतील. क्लास एफची हद्द १५५. इन्सुलेशनचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं असं सगळेच धरतात. त्यात तुमच्याकडे मेमध्ये हवा ३८ ची ४४ होते, ते वेगळंच. नवी वाइंडिंग आठवड्याची आहे, पण ती आजच म्हातारी होतेय.

ओव्हरलोडला यातलं काहीच दिसणार नाही, कारण त्याच्या लेखी ४७ म्हणजे ४७.

---

गराडू_खिलाडी (बुध, रात्री ८:११)

१६५ अंश! म्हणजे सराफ्यातल्या गराडूच्या कढईइतकी गरम मोटर. लिंबू-मसाला तयार ठेवा.

---

फेज_गेला (बुध, रात्री ८:३०)

मग पटलं. ओव्हरलोड काढून टाका आणि थर्मिस्टर लावा. जे खरं तापमान बघतं तेच ठेवायचं, दोन रिले कशाला पोसायचे?

---

मांडवीकर (बुध, रात्री १०:१०)

फेज_गेला, आता दुसऱ्या टोकाला गेलात. बडोद्याच्या मकरपुऱ्यात क्रशरवर थेट स्टार्ट होणारी मोटर असते तिचं उदाहरण घ्या. दगड अडकून रोटर थांबला की करंट साडेसहा पट. वाइंडिंगमध्ये पूर्ण लोडला दर चौरस मिलिमीटरला ६ अँपिअर धरले तर आता ३९ झाले. या घनतेला तांबं सेकंदाला साधारण आठ अंशांनी तापतं. आधीच गरम असेल तर दहाच्या पुढे.

थर्मिस्टर तांब्यावर थेट बसत नाही. मध्ये तारेचं इनॅमल, वार्निश आणि त्याची स्वतःची स्लीव्ह असते, म्हणून तो सुमारे आठ सेकंद मागे राहतो. आठ गुणिले आठ, चौसष्ट अंश. थर्मिस्टर १५० म्हणेल तेव्हा तांबं २१० च्या पुढे गेलेलं असेल. हेच काम क्लास १० चा ओव्हरलोड थंड असताना ७.२ पट करंटला चार ते दहा सेकंदांत करतो, गरम असेल तर त्याहून लवकर. अडकलेल्या रोटरसाठी करंट बघणारा रिले जिंकतो, तापमान बघणारा नाही.

मोठ्या मोटरमध्ये तर अडकल्यावर स्टेटरच्या आधी रोटरच्या पट्ट्या जातात. स्टेटरमधल्या थर्मिस्टरला त्याचा पत्ताही लागत नाही.

पीटी-१०० ची गोष्ट निराळी. आमच्याकडे एचटी मोटरांमध्ये स्लॉटमधे वरच्या आणि खालच्या कॉइलच्या मध्ये सहा बसवतात, प्रत्येक फेजला दोन. त्याचा फायदा आकडा मिळतो हा. महिन्यामागून महिने तापमान चढताना दिसतं, धुळीने जाळ्या तुंबल्या की आधी कळतं. पण त्याला मोजणारा वेगळा रिले लागतो आणि वायर तीन लागतात. दोनच वायरी ओढल्या तर प्रत्येक ओहमला अडीच अंशांची चूक येते, कारण पीटी-१०० एका अंशाला फक्त ०.३८५ ओहम बदलतो. लांब केबलला ही चूक सहज दहा-पंधरा अंश होते. ३० किलोवॅटला हा थाट मला जरा जास्त वाटतो.

---

फेज_गेला (बुध, रात्री १०:२५)

ठीक आहे, मांडवीकर. पण एक्स्ट्रूडरवर ड्राइव्ह आहे. तिथे साडेसहा पट करंट येणार कुठून?

---

मांडवीकर (बुध, रात्री १०:४०)

हा मुद्दा मान्य. ड्राइव्ह दीडपटाच्या आसपास करंट अडवतो, मिनिटभरात स्वतः ट्रिप होतो. त्यामुळे सांवेररोडकरांच्या मोटरला झटपट तापण्याची भीती कमी आहे, सावकाश शिजण्याची जास्त. तिथे थर्मिस्टरचा उशीर फारसा नडत नाही. मी बोललो ते थेट स्टार्टबद्दल.

---

गुंडाळकर (गुरु, सकाळी ६:५०)

थर्मिस्टर बसवायच्या बाबतीत लिहितो, कारण निम्मे लोक इथेच चुकतात.

तीन थर्मिस्टर सिरीजमध्ये, प्रत्येक फेजला एक. जागा कॉइलच्या डोक्यात, शाफ्ट बाहेर येतो त्या बाजूला. पंख्याचा वारा मागून येतो आणि पुढे जाईपर्यंत गरम होतो, म्हणून पुढची डोकी जास्त तापतात. थर्मिस्टरची गोळी कॉइलच्या तारांच्या मध्ये सरकवायची, वरून टेकवायची नाही. मग दोऱ्याने बांधायची आणि त्यानंतर वार्निश. वार्निशनंतर टेपने चिकटवलेला थर्मिस्टर हवेचं तापमान सांगतो, वाइंडिंगचं नाही.

किती अंशांचा हे तारेच्या रंगावरून कळतं. दोन्ही तारा काळ्या म्हणजे १५०, दोन्ही निळ्या म्हणजे १३०, निळी-काळी १५५, पांढरी-लाल १८०. क्लास एफला मी १५० टाकतो. मागच्या मोटरचा उरलेला १८० चा सेट आहे म्हणून तो क्लास एफला बांधणारेही बघितलेत. वाइंडिंग जळाल्यावरच तो बोलणार.

तपासायला मल्टिमीटर ओहमवर ठेवा. तिन्ही मिळून थंडीत शे-दोनशे, तीनशे ओहम दिसतात. साडेसातशेच्या वर दिसले तर घेऊ नका. आणि हात जोडून सांगतो, सिरीज लँप लावून थर्मिस्टर तपासू नका. त्याला अडीच व्होल्टच्या वर सोसत नाही. मेगर तर लांबच. वाइंडिंगला मेगर लावताना थर्मिस्टरची दोन टोकं एकमेकांना जोडून अर्थला बांधायची.

---

सांवेररोडकर (गुरु, दुपारी १:१५)

गुंडाळकर काका, इथेच अडलंय. मोटर आता वार्निश होऊन बाहेर आली आहे. परत सगळं काढायचं का?

---

गुंडाळकर (गुरु, दुपारी २:०५)

चांगली वाइंडिंग फाडू नका. पुढचं झाकण काढून डोक्यांच्या खाचेत, दोन कॉइलच्या फटीत, उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीत गोळी दाबून बसवता येते. रोटरला लागणार नाही एवढं बघा आणि तारा काचेच्या स्लीव्हमधून टर्मिनल बॉक्समध्ये न्या. ही जुगाड आहे, खरी फिटिंग नाही. थर्मिस्टर आतल्यापेक्षा पंधरा-वीस अंश कमी बघेल. म्हणून १५० चा नको, १३० चा घ्या. पुढच्या रिवाइंडला नीट बसवू.

---

विद्युल्लता (गुरु, दुपारी ३:३०)

काकांना अनुमोदन. आणि मांडवीकर म्हणाले तसं, ड्राइव्हमुळे करंट मर्यादित असल्याने हा उशीर चालून जाईल. थेट स्टार्टच्या क्रशरवर हेच केलं असतं तर मी विरोध केला असता.

जोडणीत लक्ष द्यायच्या गोष्टी. बहुतेक ड्राइव्हना थर्मिस्टर घ्यायला टर्मिनल असतं. पण आधी मॅन्युअल बघा की ते आतल्या इलेक्ट्रॉनिक्सपासून पुरेसं विलग आहे का. थर्मिस्टर ४१५ व्होल्टच्या तारांना चिकटून बसलेला असतो. इन्सुलेशन फुटलं तर तेच व्होल्टेज कंट्रोल कार्डमध्ये शिरेल. शंका असेल तर वेगळा थर्मिस्टर रिले घ्या आणि त्याचा संपर्क ड्राइव्हच्या बाहेरील फॉल्ट इनपुटला द्या. वायर शील्डेड हवी आणि मोटरच्या केबलपासून लांब. एकाच ट्रेमध्ये बांधली तर ड्राइव्हचा इलेक्ट्रिकल नॉइज तिच्यात घुसतो आणि उगाच ट्रिप होते.

बसवल्यावर खरी परीक्षा अशी: रिलेकडची एक वायर सोडली की लगेच ट्रिप झाली पाहिजे. मग थर्मिस्टरच्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, ट्रिप राहिली पाहिजे. एक किलोओहम लावा, रीसेट झालं पाहिजे. साधारण साडेतीन किलोओहमच्या पुढे रिले ट्रिप होतो आणि दीड-पावणेदोनच्या खाली परत उठतो. ही तीन पावलं करून वहीत सही करून ठेवा.

पुढे कधी ‘उगाच ट्रिप होतोय’ म्हणून कोणी थर्मिस्टरच्या जागी रेझिस्टर जोडून ठेवेल. चांगला रिले साधी शॉर्ट लिंक ओळखतो, पण ४७० ओहमचा रेझिस्टर लावला तर त्याला मोटर थंड आहे असंच वाटतं. म्हणून दर सहा महिन्यांनी टर्मिनल बॉक्स उघडून बघा. थंड मोटरचं वाचन अगदी ४७०.० येत असेल तर ते थर्मिस्टरचं नसतं.

---

फेज_गेला (गुरु, दुपारी ३:४४)

ताई, हे ४७० चं तुम्हाला कसं माहीत हे मी विचारत नाही. 😀

---

मुरारकर (गुरु, संध्याकाळी ६:२०)

रीसेट ऑटोवर ठेवू नका. मोटर सावकाश गार झाली की तासाभराने थर्मिस्टर रिले आपोआप उठतो आणि चालू असलेला स्टार्ट सिग्नल असेल तर यंत्र स्वतःहून सुटतं. साफ करायला कोणाचा हात आत असेल तर? मॅन्युअल ठेवा.

---

सांवेररोडकर (गुरु, रात्री ८:५०)

आता माझ्या बाजूची खरी अडचण. पीव्हीसी चालू असताना मोटर अचानक थांबली तर बॅरलमध्ये माल अडकतो. बॅरल १८० च्या आसपास, माल तिथेच काही मिनिटांत तपकिरी होतो, मग काळा, आणि आंबट धूर सुटतो. स्क्रू काढून घासत बसावं लागतं. ट्रिप झाली की ऑपरेटर आधी रिलेला शिव्या देतो आणि मग तोच ४७० ओहमवाला माणूस शोधतो. म्हणून मालक थर्मिस्टरला घाबरतात.

---

विद्युल्लता (गुरु, रात्री ९:३५)

हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं! इथे सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

अशा यंत्राला दोन सेट हवेत. खालच्या तापमानाचा एक, जो फक्त दिवा आणि भोंगा वाजवेल. त्यावर ऑपरेटरने वेग कमी करायचा, पर्जिंगचा माल टाकायचा आणि बॅरल रिकामी करून थांबायचं. वरचा सेट ट्रिपसाठी, त्याला पर्याय नाही. पुढच्या रिवाइंडला सहा थर्मिस्टर टाका, १३० आणि १५० चे. आत्ताच्या जुगाडात जागा असेल तर ११० आणि १३० चे.

पण मुळात तिथपर्यंत पोचूच नये. मोटरच्या मागे स्वतंत्र ब्लोअर बसवा, स्वतःच्या वेगळ्या मोटरचा, म्हणजे वेग कितीही असो, वारा पूर्ण. आणि ड्राइव्हमध्ये मोटर स्वतःच्या पंख्याने गार होते की बाहेरच्या, हे सांगायची सेटिंग असते. ती बघा. स्वतःच्या पंख्यावर असती तर ड्राइव्हने कमी वेगात कमी करंटलाच अलार्म दिला असता. तुमच्या ड्राइव्हमध्ये ती बाहेरच्या पंख्यावर ठेवलेली सापडेल, अशी माझी पैज.

---

सांवेररोडकर (शुक्र, सकाळी ९:०५)

पैज जिंकलात. बाहेरच्या पंख्यावरच होती. कोणी, कधी लावली कोणालाच माहीत नाही.

---

मांडवीकर (शुक्र, सकाळी १०:३०)

ड्राइव्हच्या आतला ओव्हरलोड चांगला असतो, पण त्याच्यावरही अवलंबून राहू नका. तो हिशोब करतो, बघत नाही. तुमच्याकडे पावडर उडते, मोटरची जाळी पांढरी होऊन तुंबते, हे त्याला कळत नाही. काही जुन्या ड्राइव्हमध्ये वीज गेली की साठवलेला हिशोबही पुसला जातो. वीज परत आली की त्याला मोटर थंड वाटते. बायमेटलचंही तसंच, तो काही मिनिटांत गार होतो, मोटरला तास लागतो. थर्मिस्टरला हे विसरणं जमतच नाही.

---

फेज_गेला (शुक्र, सकाळी १०:४८)

मग ड्राइव्हच्या पुढचा बायमेटल कशाला? ड्राइव्हच्या करंटमधल्या हार्मोनिक्समुळे तो उगाच ट्रिप होतो असं ऐकलंय. एका ड्राइव्हला एकच मोटर असेल तर काढायला हरकत नाही.

---

मांडवीकर (शुक्र, सकाळी ११:१०)

लांब केबलला होतो, खरंय. एका ड्राइव्हवर चार मोटरी असतील तर प्रत्येकीला आपला ओव्हरलोड लागणारच, कारण ड्राइव्हला एकूण करंटच दिसतो. एकटी मोटर असेल तर मी काढतो.

---

विद्युल्लता (शुक्र, सकाळी ११:३२)

मी ठेवते. ड्राइव्ह बिघडला की लोक घाईत बायपासवर मोटर थेट चालवतात, आणि त्या दिवशी मांडवीकरांचा अडकलेला रोटर खरा ठरतो. बायपास कधीच होणार नसेल तरच काढा. आणि ‘कधीच’ हा शब्द मेंटेनन्सवाल्यांनी जपून वापरावा.

---

सांवेररोडकर (पुढचा बुध, रात्री ९:२०)

अपडेट. ब्लोअर बसला. काकांनी डोक्यांमध्ये ११० आणि १३० चे दोन सेट इपॉक्सीने बसवून दिले. आज तेच काम, २० हर्ट्झ, ४७ अँपिअर, चार तास. थंड रेझिस्टन्स तोच ०.२१२, तापमान ३२. बंद केल्यावर मागे ओढलेली रेघ ०.२७१ ला आली. हिशोब १०६ अंश येतो. एकदाही भोंगा वाजला नाही.

ताईंच्या सांगण्यावरून चालू असताना वायर सोडून पाहणार होतो, पण मालकांनी माल बॅरलमध्ये असताना हात लावू दिला नाही. रविवारी रिकाम्या यंत्रावर करतो.

---

गुंडाळकर (पुढचा बुध, रात्री ९:४१)

ब्लोअर बंद पडला तर काय होईल ते बघितलंत का? ब्लोअरच्या मोटरचा ओव्हरलोड ड्राइव्हच्या स्टार्ट सर्किटला जोडलाय का?

---

सांवेररोडकर (पुढचा बुध, रात्री ९:५०)

नाही जोडला. उद्या सकाळी पहिलं तेच.

---

फेज_गेला (पुढचा बुध, रात्री ९:५८)

आणि बायमेटल ठेवला की काढला? इथे दोन मतं पडलीत, निकाल ऐकायचाय.

---

सांवेररोडकर (पुढचा बुध, रात्री १०:०४)

तूर्त ठेवलाय. पॅनेलमध्ये बायपासची जागा आहे आणि आमच्या इलेक्ट्रिशियनने ती दोनदा वापरलेली निघाली.